थायरॉईड: आयोडीन आत, मग बाहेर, मग पुन्हा आत. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

शाईचा_डाग | सोमवार, २१:१०

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि थायरॉईडपाशी येऊन अडकलेय. आकृती पाठ झाली, पण पटत नाहीये.

फॉलिकल म्हणजे पेशींच्या एकाच थराचा पोकळ चेंडू, आत चिकट कोलॉइड, बाहेरून केशवाहिन्यांचं जाळं, इथपर्यंत ठीक. आयोडाइड रक्तातून पेशीत येतं. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन त्याच पेशीत तयार होतं. म्हणजे दोघंही एकाच घरात हजर. मग तिथल्या तिथे जोडून मोकळं व्हावं ना! तर नाही. दोघांनाही मागच्या दाराने पोकळीत ढकलायचं, तिथे त्यांचं लग्न लावायचं, आठवडेच्या आठवडे तिथेच ठेवायचं, आणि हार्मोन हवं झालं की अख्खं प्रथिन परत पेशीत ओढून त्याचे तुकडे करायचे. एवढं सगळं करून रक्तात जाणार काय, तर चिमूटभर टी४ हार्मोन.

वर्गात विचारलं तर "असंच असतं, लिहून घे" एवढंच उत्तर मिळालं. कोणी पायरीपायरीने, पण 'का' सकट सांगेल का?

अर्धविराम | सोमवार, २१:३२

सोपं आहे. थायरॉईडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, टीएसएच, आलं की आयोडीन आत खेचलं जातं. आयोडीन पेशीला विषारी, म्हणून पेशी ते स्वतःजवळ न ठेवता पोकळीत टाकते. तिथे ते थायरोग्लोब्युलिनला चिकटतं, आणि मग थायरोग्लोब्युलिन हार्मोनला पाठुंगळी घेऊन रक्तातून सगळीकडे फिरवतं. बारावीचं जीवशास्त्र अजून शाबूत आहे आमचं.

मोगरी | सोमवार, २१:५०

छान धागा. माझा टीएसएच ७.२ आलाय, टी४ नॉर्मल आहे. म्हणजे माझ्या पेशींत आयोडीन शिरत नाहीये असंच ना? आयोडीनचे थेंब मिळतात म्हणे. सुरू करू का?

गॅमाकाका | सोमवार, २२:४५

मोगरीताई, थेंबांना आज तरी हात लावू नका. कारण सांगतो, पण ते मधल्या एका पायरीवर अवलंबून आहे, तेव्हा जरा दम धरा.

अर्धविराम, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं अर्धं बरोबर आणि शेवटचं साफ चूक. रक्तात हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वेगळं आहे. ते यकृतात बनतं आणि त्याचं नाव 'थायरॉक्सिन-बाइंडिंग ग्लोब्युलिन'. नावं जुळ्या भावांसारखी असल्याने दरवर्षी निम्मा वर्ग इथे घसरतो. थायरोग्लोब्युलिनची जागा फॉलिकलच्या आत. रक्तात ते अगदी थोडं झिरपतं, पण हमाली करत नाही.

आता शाईचा_डाग. मी अणुवैद्यक विभागात कॅमेऱ्यावर काम करतो, त्यामुळे पहिलं दार मी रोज पाहतो. रक्ताच्या बाजूच्या पेशीपटलावर एक वाहक बसलेला असतो, सोडियम-आयोडाइड सिंपोर्टर. तो दोन सोडियम आणि एक आयोडाइड एकत्र आत घेतो. स्वतः ऊर्जा जाळत नाही. शेजारचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी खर्चून सोडियम सतत बाहेर उपसत असतो, त्यामुळे सोडियमला आत घुसायची ओढ असते आणि त्या ओढीवर आयोडाइड फुकटात आत येतं. असं करत पेशी रक्ताच्या २० ते ४० पट आयोडाइड साठवते. टीएसएच वाढलं की हे वाहकही वाढतात.

पण आत ओढणं आणि पक्कं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही शिरेतून टेक्नेशियम देतो. त्याचा आकार आणि भार आयोडाइडशी इतका जुळतो की वाहक फसतो आणि त्याला आत घेतो. वीसेक मिनिटांत पडद्यावर गळ्यातलं फुलपाखरू उजळतं. गंमत म्हणजे लाळग्रंथीही उजळतात, कारण हाच वाहक तिथेही आहे. पण लाळग्रंथी हार्मोन बनवत नाहीत. दार आहे, कारखाना नाही.

शाईचा_डाग | सोमवार, २३:०५

लाळग्रंथींचं माहीतच नव्हतं! म्हणजे नुसतं आयोडाइड आत आलं म्हणून ते थायरोग्लोब्युलिनमधल्या टायरोसीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटत नाही?

चिकित्सक_चिमणी | मंगळवार, ०८:२०

नाही, आणि तुझ्या 'का'चं अर्धं उत्तर तिथेच आहे. (मी जीवरसायनवाली, सकाळच्या चहासोबत लिहितेय.)

आयोडाइड हा तृप्त आयन आहे. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आहे आणि टायरोसीनच्या कड्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चिकटायचं तर आधी त्याचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायला हवा, म्हणजे ऑक्सिडीकरण. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ते वापरून काम करणारं एन्झाइम, थायरॉईड परॉक्सिडेज. आता हे दोघं कुठे आहेत बघ. परॉक्सिडेज पोकळीकडच्या पटलात रुतलेलं आहे आणि त्याचं काम करणारं तोंड पोकळीत आहे. पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम, ड्युओक्स-२, तेही त्याच पटलात, आणि तेही पेरॉक्साइड पोकळीच्याच बाजूला सोडतं.

हे सगळं पेशीच्या आत चाललं असतं तर? चेतवलेलं आयोडीन थायरोग्लोब्युलिनची वाट बघत बसत नाही. टायरोसीन जवळपास प्रत्येक प्रथिनात असतं. पेशीने स्वतःच्याच एन्झाइमांना आयोडीन लावून घेतलं असतं, आणि पेरॉक्साइडने उरलेलं भाजलं असतं. म्हणून भट्टी अंगणात.

तेव्हा अर्धविराम, विषारी काय म्हणाल तर साधं आयोडाइड नाही. ते पेशीत मजेत राहतं. विषारी आहे ती भट्टी.

खडूस | मंगळवार, ०९:०२

भट्टी अंगणात ठीक. पण पुढे? साधे दोन टायरोसीन पोकळीत सोडले असते, त्यांना आयोडीन लावलं असतं, जोडले असते, झालं. त्यासाठी एवढं मोठं प्रथिन कशाला? दोन खिळे ठोकायला अख्खा जहाजाचा सांगाडा?

चिकित्सक_चिमणी | मंगळवार, ०९:४०

खडूसराव, उपमा तुमची, पण उत्तर त्यातच आहे. सांगाडा नसेल तर खिळे समोरासमोर येत नाहीत.

थायरोग्लोब्युलिन म्हणजे दोन सारख्या साखळ्यांची जोडी, वजन ६,६०,००० डाल्टन. प्रत्येक साखळीत २,७०० हून जास्त अमिनो आम्लं. पेशीच्या आत तिची नीट घडी घातली जाते, तिच्यावर साखरेचे रेणू चढवले जातात आणि मग पुटिकांतून तिला पोकळीत सोडलं जातं. दोन्ही साखळ्यांत मिळून सुमारे १३० टायरोसीन आहेत. त्यातल्या काहींनाच आयोडीन लागतं. एक आयोडीन लागलं तर एमआयटी, दोन लागले तर डीआयटी. मग जोडणी. दोन डीआयटी मिळून टी४, एक एमआयटी आणि एक डीआयटी मिळून टी३.

ही जोडणी म्हणजे एका टायरोसीनचं आयोडीनवालं कडं स्वतःच्या साखळीतून उपटून शेजारच्या टायरोसीनवर बसवणं. देणाऱ्याच्या जागी नुसता खुंट उरतो. त्यासाठी देणारा आणि घेणारा नेमक्या अंतरावर, नेमक्या कोनात हवेत, आणि ते काम घडी करते. टी४ ची सगळ्यात आवडती जागा साखळीच्या अगदी तोंडाशी, पाचव्या टायरोसीनवर आहे. सुटे टायरोसीन पाण्यात सोडले तर असं एकमेकांसमोर नेमकं येणं फार दुर्मीळ.

आणि एवढं करून पीक किती? आयोडीनचा पुरवठा व्यवस्थित असताना एका अख्ख्या थायरोग्लोब्युलिनमध्ये पाचेक एमआयटी, पाचेक डीआयटी, दोन-तीन टी४ आणि टी३ तर सरासरी धड एकही नाही.

शाईचा_डाग | मंगळवार, १३:१५

थांबा, एक खात्री करून घेते. कोलॉइडमध्ये टी४ मोकळं तरंगत नसतं? ते अजून त्या साखळीचाच भाग असतं?

चिकित्सक_चिमणी | मंगळवार, १३:३०

अगदी तेच. माळेतला एक मणी म्हणून. माळ तोडल्याशिवाय मणी सुटत नाही. म्हणून परत आत ओढणं आलं, कारण तोडणारी एन्झाइमं पेशीच्या लायसोसोममध्ये आहेत.

पाणकोंबडा | मंगळवार, १८:४०

वाचनमात्र होतो, पण हे वाचून राहवलं नाही. मला ग्रेव्हज् निघालं, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त चालण्याचा आजार. कार्बिमॅझोल सुरू होऊन दहा दिवस झाले. छातीत धडधड तशीच, हात थरथरतात, रात्री झोप नाही. गोळी लागू पडत नाहीये असं वाटायला लागलंय. या सगळ्या प्रकरणात ती गोळी नक्की कुठे बसते?

गॅमाकाका | मंगळवार, २०:१०

पाणकोंबडा, तुमची गोळी बसते परॉक्सिडेजवर. भट्टी बंद करते. आयोडीन लावणं थांबतं, जोडणी थांबते. पण भट्टीच्या पलीकडे भरलेलं कोठार आहे, त्याच्या दाराला ती हातही लावत नाही.

कोठार किती मोठं? निरोगी थायरॉईडमध्ये दर ग्रॅममागे साधारण २५० मायक्रोग्रॅम टी४ असतं. ग्रंथी २० ग्रॅमची धरा, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. रोज रक्तात जातं ९० च्या आसपास. भागून पाहा, पंचावन्नेक दिवसांची बेगमी. आज कारखाना पूर्ण बंद पडला तरी जवळपास दोन महिने माल जात राहील. ग्रेव्हज् मध्ये उपसा खूप जोरात असतो आणि ग्रंथीही मोठी असते, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. कोठार लवकर रिकामं होतं, पण दहा दिवसांत नव्हे. काही आठवडे धरून चाला. त्यात बाहेर गेलेल्या टी४ चं अर्धं आयुष्य आठवड्याभराचं. तोवरच्या धडधडीसाठी वेगळी गोळी देतात, दिली नसेल तर डॉक्टरांना विचारा. डोस मात्र मनाने वाढवू नका. आणि ताप आला किंवा घसा खूप दुखायला लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित होतं, पण झालं तर थांबायला वेळ नसतो.

पाणकोंबडा | मंगळवार, २०:२५

धडधडीची दिली आहे, मीच अर्धी घेत होतो. आता पूर्ण घेतो. औषध सुरू करण्याआधी माझं स्कॅन केलं होतं, ते कशाला? रक्तात टी४ जास्त होतंच की.

गॅमाकाका | मंगळवार, २०:५०

रक्तात टी४ दोन कारणांनी वाढतं. कारखाना जास्त चालतोय, किंवा कोठाराची भिंत फुटलीय. थायरॉईडला सूज येऊन फॉलिकल फुटले की साठवलेला माल आपोआप रक्तात गळतो. लक्षणं सारखीच. पण त्या माणसाचं टीएसएच दबलेलं आणि पेशी दुखावलेल्या, त्यामुळे पहिलं दार जवळपास बंद. स्कॅनवर गळा काळा. त्याला तुमची गोळी देऊन उपयोग शून्य, कारण बंद करायला तिथे भट्टीच चालू नाही. तुमचा गळा उजळला असणार.

शाईचा_डाग | मंगळवार, २१:३०

आज प्रयोगशाळेत स्लाइड पाहिली. एका फॉलिकलमध्ये पेशी उंच होत्या आणि गुलाबी कोलॉइडची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. दुसऱ्यात पेशी चपट्या आणि कड गुळगुळीत. कुरतडलेला म्हणजे माल काढणं चालू असलेला फॉलिकल का?

चिकित्सक_चिमणी | मंगळवार, २२:१०

बहुतेक हो. चपट्या पेशी म्हणजे निवांत, उंच म्हणजे टीएसएचने कामाला लावलेल्या. खाचा काही प्रमाणात स्लाइड बनवताना कोलॉइड आकसल्यानेही येतात, म्हणून नुसत्या खाचांवर विसंबू नकोस, पेशींची उंची बघ.

काढणी अशी होते. पेशी कोलॉइडचे थेंब गिळते. ते थेंब लायसोसोमला जाऊन मिळतात, तिथली कॅथेप्सिन नावाची एन्झाइमं माळ तोडतात. सुटलेले टी४ आणि टी३ रक्ताच्या बाजूच्या वाहकांतून बाहेर पडतात. एमसीटी-८ हा त्यातला माहितीतला. रक्तात जाणारं बहुतांश टी४ च असतं. शरीराला लागणारं बरंचसं टी३ पुढे यकृतासारख्या ठिकाणी टी४ चं एक आयोडीन काढून बनतं.

उरलेल्या एमआयटी, डीआयटीचं काय? सकाळचा हिशोब पुन्हा मांड. पाच एमआयटीत पाच आयोडीन, पाच डीआयटीत दहा. दोन-तीन टी४ मध्ये मिळून दहाच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त आयोडीन हार्मोन न झालेल्या मण्यांत अडकलेलं. पेशीत एक एन्झाइम ते आयोडीन सोडवून परत भट्टीकडे पाठवतं. जन्मतःच ते नसेल तर हे मणी लघवीवाटे वाहून जातात आणि पुरेसं आयोडीन पोटात जाऊनही ग्रंथी उपाशीच. गलगंड होतो.

खडूस | बुधवार, ०९:१५

सगळं छान. पण माणसाच्या गळ्यात न शिरता कळतं कसं की कोणती पायरी अडलीय? आत येणं की चिकटणं?

गॅमाकाका | बुधवार, २१:००

या प्रश्नाला जुनं आणि देखणं उत्तर आहे. पर्क्लोरेट नावाचा आयन पहिल्या दाराशी आयोडाइडची जागा अडवतो.

समजा एक मुलगी, गलगंड आहे, टीएसएच वाढलेलं. तिला थोडं किरणोत्सारी आयोडीन दिलं. दोन तासांनी गळ्यावर मोजणी केली, दिलेल्यापैकी ३० टक्के गळ्यात. म्हणजे आत येण्याचं काम झकास. मग पर्क्लोरेट पोटातून दिलं. आता नवीन आयोडाइड आत येणं बंद, आणि पेशीतलं जे सुटं आहे ते रक्तात परत झिरपतं. जे थायरोग्लोब्युलिनला चिकटलंय ते मात्र हलत नाही. तासाने पुन्हा मोजलं. निरोगी माणसात आकडा २९ च्या आसपास राहिला असता. हिचा उतरला ११ वर. तिसातले १९ गेले, म्हणजे ६३ टक्के. १० टक्क्यांच्या वर घट म्हणजे चिकटवण्यात दोष. ९० च्या वर गेली तर चिकटणं जवळपास ठप्प. हिचं अधलंमधलं, भट्टी पेटते पण धड नाही.

इथवर कळतं की अडलंय चिकटवण्यात. परॉक्सिडेज, ड्युओक्स की आणखी काही, हे ही चाचणी सांगत नाही. त्याला जनुकं तपासावी लागतात. मुलगी लहानपणापासून कमी ऐकत असेल तर पेंड्रेडचा संशय घ्यायचा. बहिरेपण आणि गलगंड एकत्र, हे व्हॉन पेंड्रेड यांनी १८९६ मध्ये नोंदवलं होतं. त्यात आयोडाइडला पेशीतून पोकळीत सोडणारा वाहक, पेंड्रिन, बिघडलेला असतो. आयोडाइड भट्टीपर्यंत पोचतच नाही.

चिकित्सक_चिमणी | बुधवार, २१:४०

शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, काका. पेंड्रिन हेच पोकळीकडचं दार असं पुस्तकं ठासून सांगतात. मग पेंड्रेडच्या कितीतरी रुग्णांचं थायरॉईडचं काम नॉर्मल कसं? पेंड्रिन काढून टाकलेल्या उंदरांनाही बहिरेपण येतं, पण थायरॉईड ठीक राहतं. दुसरं दार असणारच. अनोक्टामिन-१ चं नाव घेतलं जातं.

गॅमाकाका | बुधवार, २२:०५

उंदीर आणि माणूस एक नाही. आमच्याकडे येणाऱ्या पेंड्रेडच्या रुग्णांत पर्क्लोरेटने घट दिसते. पेंड्रिनला काहीच काम नसतं तर ती दिसली नसती.

चिकित्सक_चिमणी | बुधवार, २२:१५

काहीच काम नाही असं मी म्हटलंच नाही. एकटं तेच नाही, एवढंच म्हणतेय.

मोगरी | गुरुवार, १०:३०

दम धरला तीन दिवस. आता माझ्या थेंबांचं सांगा.

गॅमाकाका | गुरुवार, २१:२०

क्षमस्व ताई, भांडणात विसरलो.

पेशीत आयोडाइड एकदम खूप झालं की भट्टी पेटण्याऐवजी विझते. वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये हे उंदरांत दाखवलं. निरोगी ग्रंथी दोनेक दिवसांत यातून सुटते. ती पहिल्या दारावरचे वाहक कमी करते, आत येणारं आयोडाइड घटतं आणि काम पुन्हा सुरू होतं. पण परॉक्सिडेजविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्या, हाशिमोटोच्या ग्रंथीला बऱ्याचदा ही सुटका जमत नाही आणि टीएसएच आणखी चढतं. टीएसएच ७ आणि टी४ नॉर्मल, या चित्रामागे हाशिमोटो बऱ्याचदा आढळतो. आणि टीएसएच वाढलेलं आहे म्हणजे पहिल्या दाराला उलट जास्तच रेटा मिळतोय, 'आयोडीन शिरत नाही' असा त्याचा अर्थ निघत नाही. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, थेंबांत त्याच्या कितीतरी पट असू शकतं. आधी परॉक्सिडेजविरुद्धची ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटी-टीपीओ, तपासा, टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

अर्धविराम | गुरुवार, २१:४५

बारावीचं जीवशास्त्र मागे घेतो. पण एक सांगा, ते पेरॉक्साइड पोकळीतून पेशीत परत झिरपत नाही? पाण्याच्या रेणूएवढंसं तर असतं ते.

चिकित्सक_चिमणी | गुरुवार, २२:३०

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात! झिरपतं. म्हणून पेशीत ते निपटणारी ग्लुटाथायोन परॉक्सिडेज असतात, आणि त्यांना सेलेनियम लागतं. दर ग्रॅमला सर्वांत जास्त सेलेनियम असलेल्या अवयवांत थायरॉईड मोडतं. म्हणून सेलेनियमच्या गोळ्यांनी हाशिमोटो बरा होतो का, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही. मोगरीताई, हे वाचून त्याही गोळ्या आणू नका.

मोगरी | गुरुवार, २२:३४

ऑर्डर करायला गेलेच होते.